आठवडी बाजार आणि भेंडीचे गणित

मुलांनो, कर्जत तालुक्यात राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळ्यातही शेती होते. समजा, कडावच्या एका शेतकऱ्याने भेंडी लावली आहे आणि त्याचा आठवडी बाजार गुरुवारी असतो.

भेंडी एक दिवसाआड तोडतात. बुधवारी संध्याकाळी तोडली, की पुढे शुक्रवार, रविवार, मंगळवार आणि मग थेट गुरुवार! बुधवार चुकला. असं का झालं? आठवड्याचे दिवस सात, त्यांना दोनने पूर्ण भाग जात नाही.

मग बुधवारपर्यंत थांबायचं का? रविवारनंतर तीन दिवस गेले तर बरीच भेंडी जून होते. शेंड्याचं टोक मोडून बघा. कोवळी भेंडी कट्‌कन मोडते, जून नुसती वाकते. जून भेंडी गिऱ्हाईक बाजूला काढतं.

उपाय सोपा आहे. एक तोडणी लगेच दुसऱ्या दिवशी करायची. ती मंगळवारनंतर केली तर बाजारासाठी एकाच दिवसाचा माल मिळेल. म्हणून ती बाजाराच्या दिवशीच उरकायची : बुधवार, गुरुवार, शनिवार, सोमवार आणि पुन्हा बुधवार. आता बाजारासाठी दोन दिवसांचा कोवळा माल हाती येतो. बाकीच्या दिवसांचा माल मात्र गावात किंवा भाजीवाल्याकडे द्यावा लागतो, तो बाजारासाठी साठवायचा नाही. तोडलेली भेंडी सावलीत पसरून ठेवावी. ओला ढीग केला तर ती गरम होऊन काळी पडते.

स्वाध्याय : तुमच्या गावच्या बाजाराचा वार घेऊन तोडणीचे वेळापत्रक तयार करा.