चौथ्या थापेला हशा का येत नाही?

प्रश्न : स्नेहसंमेलनासाठी पाचवीच्या मुलांची छोटी नाटिका बसवतेय. गृहपाठ न करणारा बंडू रोज नवी थाप मारतो. पहिल्या दोन थापांना मुलं हसतात, पुढे सगळं थंड पडतं. काय करू? – एक शिक्षिका

उत्तर : तुमची पहिलीच थाप बहुधा फार मोठी असावी. परग्रहवासी आल्याआल्याच वही घेऊन गेले, तर पुढे चढायला जागा कुठे उरते? सुरुवात खरी वाटेल अशी हवी. सोमवारी, ‘वहीवर आमटी सांडली.’ मंगळवारी आमटीच्या वासाने म्हैस आली आणि तिने वही खाल्ली. बुधवारी त्या म्हशीला पाढे येऊ लागले. गुरुवारी ती म्हणते, ‘आधी पेंड, मग गणित!’ प्रत्येक थाप आधीच्या थापेतून निघते, म्हणून प्रेक्षक पुढच्या दिवसाची वाट बघतात. सुट्या थापा नुसती विनोदांची यादी होतात.

दुसरी गोष्ट, बाईंना ओरडायला लावू नका. त्यांनी शांतपणे चौकशी करावी : ‘पाढे कितीपर्यंत येतात तिला?’ बंडू अडकतो, डोकं खाजवतो आणि नवी थाप सुचते. खरा हशा इथे आहे. त्या क्षणी त्याचा चेहरा प्रेक्षकांकडे हवा. हशा ओसरेपर्यंत पुढचं वाक्य घेऊ नये, नाहीतर ते ऐकूच जात नाही. तालमीला दुसऱ्या वर्गातली मुलं बसवा, म्हणजे थांबायची सवय होईल.

शुक्रवारी बाई म्हणतात, ‘उद्या म्हशीलाच घेऊन ये.’ बंडू गप्प. विंगेतून म्हशीचा आवाज, आणि लगेच पडदा. त्यानंतर उपदेशाचं भाषण मात्र जोडू नका.