घटक ४ : एका बैठकीत अनेक मजकुरांचे संपादन – परिभाषा आणि मांडणीतील एकरूपता

मागील घटकात आपण एका मजकुराचे मुद्रितशोधन पाहिले. व्यवसायात मात्र असा निवांतपणा क्वचितच लाभतो. तालुक्याच्या गावी संहिता तपासणाऱ्या व्यक्तीपुढे एकाच दुपारी परस्परांशी संबंध नसलेले तीन-चार मजकूर येतात. नांदुऱ्यातील एका मुद्रणालयात पुढील तीन संहिता आल्या आहेत, अशी कल्पना करू : एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, बाजार समितीचे शेतकऱ्यांसाठीचे माहितीपत्रक आणि वऱ्हाडी संवाद असलेला एक कथासंग्रह.

येथे एकरूपता याचा अर्थ तिन्ही मजकूर सारखे करणे, असा नाही. प्रत्येक मजकूर स्वतःशी एकरूप असावा, एवढाच तो आहे. पतसंस्थेच्या प्रमुखाला ‘अध्यक्ष’ म्हणतात, बाजार समितीच्या प्रमुखाला ‘सभापती’. दोन तास अहवाल तपासल्यावर माहितीपत्रकातील ‘सभापती’ खटकू लागतो आणि हात नकळत ‘अध्यक्ष’ लिहून जातो. संपादकाच्या दृष्टीने हा दोष अज्ञानातून झालेल्या चुकीपेक्षा अधिक फसवा आहे, कारण बदललेले वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते.

म्हणून प्रत्येक संहितेसाठी स्वतंत्र निर्णयपत्रक ठेवावे. एक कोरा कागद पुरतो. पहिल्या वाचनात काहीही न बदलता, ज्या शब्दाची दोन रूपे आढळतील ती दोन्ही रूपे पृष्ठांकासह टिपावीत. आपल्या अहवालात समजा ‘आमसभा’ आणि ‘सर्वसाधारण सभा’, ‘नोटीस’ आणि ‘सूचनापत्र’, ‘भाग’ आणि ‘शेअर’ अशा जोड्या आढळल्या. कोणते रूप ठेवायचे हे संस्थेच्या उपविधींवरून ठरवावे, आपल्या आवडीवरून नव्हे. संस्थेचे नाव नोंदणीत जसे असेल तसेच ठेवावे, मग ते लेखननियमांत बसो वा न बसो.

समजा ‘सर्वसाधारण सभा’, ‘सूचनापत्र’ आणि ‘शेअर’ ही रूपे ठरली. आता संगणकावरील शोध-बदलाची सोय वापरण्याचा मोह होतो. मराठीत ती जपून वापरावी लागते. ‘आमसभा’ शोधल्यास ‘आमसभेत’, ‘आमसभेने’ ही रूपे निसटतात, कारण विभक्ती प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. तेव्हा ‘आमसभा’ आणि ‘आमसभे’ असे दोन शोध घ्यावेत. ‘नोटीस’ स्त्रीलिंगी आहे, ‘सूचनापत्र’ नपुंसकलिंगी. केवळ नाम बदलले तर ‘सूचनापत्र पाठविली’ असे वाक्य उरते. ‘भाग’ या शब्दाचा एकगठ्ठा बदल तर ‘विभाग’चे ‘विशेअर’ आणि ‘सहभाग’चे ‘सहशेअर’ करून ठेवतो! प्रत्येक स्थळ वाचून, एकेक बदल मान्य करीत जाणे हाच येथे सुरक्षित मार्ग आहे.

माहितीपत्रकात वेगळीच अडचण येते. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील ‘ऱ्य’ संगणकावर दोन निरनिराळ्या प्रकारे टंकित होऊ शकते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण शोधयंत्रणेच्या लेखी ते वेगळे शब्द ठरू शकतात. पानावर शब्द सात वेळा दिसतो आणि शोधात चारच वेळा सापडतो, असे झाले की कारण बहुधा हेच. न सापडलेला शब्द मजकुरातूनच उचलून शोधचौकटीत चिकटवावा, म्हणजे उरलेली तीन स्थळेही हाती लागतात. अंकांचेही तसेच आहे : देवनागरी आणि आंतरराष्ट्रीय अंक संगणकासाठी भिन्न चिन्हे आहेत, म्हणून दोन्हींचा शोध घ्यावा.

प्रत्येक भेद दोष नसतो, हेही ध्यानी असावे. ‘कृषी उत्पन्न’ आणि ‘कृषिविषयक’ ही दोन्ही रूपे बरोबर आहेत. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनुसार (१९६२चे चौदा आणि १९७२ची चार नियमांची भर) तत्सम इकारान्त शब्द स्वतंत्रपणे दीर्घान्त लिहिला, तरी समासाच्या पूर्वपदी तो ऱ्हस्व राहतो.

कथासंग्रह शेवटी घ्यावा आणि त्याआधी थोडी विश्रांती घेऊन नवे निर्णयपत्रक सुरू करावे. अहवालाच्या शिस्तीत मुरलेला डोळा ‘मले’, ‘काहून’ या शब्दांना दोष समजतो. निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद वऱ्हाडीत असतील, तर दोहोंच्या नोंदी पत्रकात वेगळ्या ठेवाव्यात. एकच पात्र कधी ‘मले’ तर कधी ‘मला’ म्हणत असेल, तर दुरुस्त न करता लेखकाला विचारावे. साहेबासमोर बोलताना तेच पात्र जाणीवपूर्वक भाषा बदलत असेल, आणि कथेचा सारा ताण कदाचित त्या एका अक्षरात असेल.

मांडणीची तपासणी वाचनात मिसळू नये. शीर्षके, दिनांक, रकमा यांसाठी प्रत्येकी वेगळी फेरी करावी : एका फेरीत केवळ दिनांक, दुसरीत केवळ रकमा. अर्थाकडे लक्ष गेले की ‘रु. १,२५,०००’ आणि ‘१२५०००/-’ यांतला फरक दिसेनासा होतो. बैठकीच्या शेवटी दुसऱ्या व तिसऱ्या संहितेची पहिली काही पाने पुन्हा पाहावीत. आधीच्या मजकुराची सवय सर्वाधिक तेथेच उतरलेली असते.

स्वाध्याय : आपल्या गावातील एखाद्या सहकारी संस्थेचा अहवाल आणि एक कार्यक्रमपत्रिका घेऊन दोन्हींची स्वतंत्र निर्णयपत्रके तयार करा. दोन्हींत आलेल्या, पण वेगवेगळे निर्णय घ्यावे लागलेल्या शब्दांची कारणे लिहा.