घटक 4 : मीटर पेटीच्या स्थलांतरासाठी वीज वितरण कार्यालयास अर्ज

4.0 उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस
- ‘मीटर बदलणे’ आणि ‘मीटरचे स्थलांतर’ या दोन मागण्यांतील भेद सांगता येईल;
- स्थलदर्शक शब्द अर्जात नेमकेपणाने योजता येतील;
- मीटर स्थलांतराचा अर्ज लिहून त्याचा पाठपुरावा करता येईल.

4.1 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अर्जाची सर्वसाधारण अंगे आपण मागील घटकात पाहिली. या घटकात एकच अर्ज बारकाईने अभ्यासावयाचा आहे. त्यासाठी हिंगोली–वाशिम रस्त्यावरील कनेरगाव नाका येथील एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. घर जुने आहे. रस्त्याकडील पुढच्या खोलीचे आता दुकान झाले असून ते भाड्याने दिले आहे. मीटर मात्र त्याच खोलीच्या आतल्या भिंतीवर राहिले आहे. दुकान बंद असले की वाचन घेणारा कर्मचारी परत जातो. वरचा पत्रा गळतो, भिंतीला ओल येते, आणि मीटर पेटीचे झाकण तुटून तारांची जोडणी उघडी पडली आहे.

4.2 पहिला मसुदा

घरमालकाने प्रथम पुढीलप्रमाणे लिहिले असे समजू :

> विषय : मीटर खराब असल्याबाबत.
> महोदय, माझे मीटर फार दिवसांपासून खराब आहे. पावसात धोका होतो. कोणी लक्ष देत नाही. तरी मीटर बाहेर बसवून मिळावे, ही विनंती.

व्याकरणदृष्ट्या या मसुद्यात दोष नाही. तरीही यातील दोन शब्द अर्जदाराचे काम बिघडवू शकतात.

4.3 ‘खराब’ या शब्दाची अडचण

‘मीटर खराब’ या शब्दप्रयोगाचा कार्यालयीन अर्थ ‘मीटर विजेची नोंद बरोबर करीत नाही’ असा घेतला जाण्याचा संभव असतो. तसे झाल्यास अर्ज सदोष मीटरच्या तक्रारींत जातो, मीटर तपासले जाते किंवा बदलले जाते, आणि नवे मीटर त्याच ओल्या भिंतीवर, त्याच कुलूपबंद खोलीत बसते. तक्रार कागदोपत्री निकाली निघते, धोका मात्र तसाच राहतो.

येथे वस्तुस्थिती वेगळी आहे. मीटर चालू आहे. पेटी तुटलेली आहे आणि जागा अयोग्य आहे. म्हणून मीटर, पेटी आणि जागा या तीन गोष्टी अर्जात स्वतंत्र शब्दांनी मांडल्या पाहिजेत, आणि विषयाच्या ओळीत ‘स्थलांतर’ हा शब्द आलाच पाहिजे. मीटर खरोखरच बंद असेल, तर त्याची तक्रार वेगळ्या अर्जाने करावी.

4.4 ‘बाहेर’ म्हणजे कोठे?

‘बाहेर’ हा सापेक्ष शब्द आहे. खोलीबाहेर, घराबाहेर की आवाराबाहेर, हे संदर्भबिंदू दिल्याशिवाय ठरत नाही. घरात बोलताना हा बिंदू हातवाऱ्याने दाखविता येतो. अर्जात तो शब्दांनीच द्यावा लागतो.

शिवाय ‘बाहेर’ असलेली प्रत्येक जागा सुरक्षित नसते. रस्त्याला अगदी टेकलेल्या भिंतीवरील पेटीला वाहनाचा धक्का लागू शकतो. पागोळीखालच्या पेटीत पाणी जाते. योग्य जागेच्या तीन कसोट्या आहेत. भिंत पक्की व कोरडी असावी, वर छज्जा असावा, आणि कोणाचेही कुलूप न उघडता वाचन घेता यावे. तिसरी कसोटी कंपनीच्याही सोयीची आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2006 च्या मीटरविषयक विनियमांत मीटर वाचन व देखभालीसाठी सहज पोहोचता येईल अशा जागी असावे, असे म्हटले आहे. वाचन न मिळाल्यास सरासरीने बिल येते, म्हणून अशी बिले अर्जदाराचा उत्तम पुरावा ठरतात.

4.5 सुधारित अर्ज

> दिनांक : ________
>
> प्रति,
> मा. उपकार्यकारी अभियंता,
> महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनी मर्यादित,
> उपविभाग ________ (वीज बिलावरून)
>
> विषय : मीटर व मीटर पेटीचे घराच्या बाहेरील भिंतीवर स्थलांतर करून मिळणेबाबत.
>
> संदर्भ : ग्राहक क्रमांक ________, मीटर क्रमांक ________
>
> महोदय,
>
> मी कनेरगाव नाका, ता. जि. हिंगोली येथील आपला घरगुती वीजग्राहक आहे. माझे मीटर घराच्या पुढील खोलीत आतल्या भिंतीवर आहे. मीटर चालू आहे. तथापि पेटीचे झाकण तुटले असून तारांची जोडणी उघडी आहे. पावसाळ्यात या भिंतीला ओल येते. खोलीत भाडेकरूचे दुकान असल्याने ते बंद असताना वाचन घेता येत नाही. मागील तीन महिन्यांची बिले सरासरीने आली आहेत.
>
> तरी सदर मीटर घराच्या पूर्वेकडील विटांच्या भिंतीवर, बाहेरील बाजूस, छज्जाखाली, दारापासून उजवीकडे सुमारे एक मीटर अंतरावर नवीन पेटीत बसविण्यात यावे, ही विनंती. ही जागा माझ्या मालकीची असून तेथे कोणत्याही वेळी वाचन घेता येईल. जागेची पाहणी करून नियमानुसार होणारा खर्च लेखी कळवावा; तो भरण्यास मी तयार आहे.
>
> आपला विश्वासू,
> (स्वाक्षरी, पूर्ण नाव, पत्ता, भ्रमणध्वनी)
>
> सोबत : 1) तीन बिलांच्या प्रती 2) सध्याच्या पेटीचे छायाचित्र 3) नव्या जागेचे छायाचित्र व कच्चा नकाशा 4) मालकीचा पुरावा

‘कोणी लक्ष देत नाही’ हे वाक्य येथे वगळले आहे. त्यात दिनांक नाही, म्हणून ते तपासता येत नाही. पूर्वी तक्रार केली असल्यास तिचा क्रमांक व दिनांक संदर्भात लिहावा. खर्चाविषयीचे वाक्य मात्र मुद्दाम घातले आहे. ग्राहकाच्या विनंतीवरून होणाऱ्या स्थलांतराचा खर्च सामान्यतः ग्राहकाकडे येतो, आणि त्याची तयारी दाखविल्याने एक पत्रव्यवहार वाचतो.

4.6 अर्जापूर्वी व अर्जानंतर

उघड्या जोडणीतून ठिणग्या दिसत असतील किंवा भिंतीला हात लावल्यावर झटका बसत असेल, तर अर्जाच्या उत्तराची वाट पाहू नये. पेटीला स्पर्श न करता 1912 या क्रमांकावर ताबडतोब कळवावे आणि मिळालेला तक्रार क्रमांक अर्जात नोंदवावा.

मीटर स्वतः किंवा खासगी वायरमनकडून हलवू नये. विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 138 नुसार मीटरची अनधिकृत जोडणी वा तोडणी हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे ‘मीटर आम्हीच काढून बाहेर लावले, ते नियमित करावे’ हे वाक्य अर्ज राहत नाही, तो कबुलीजबाब होतो.

बिल वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावे असेल आणि ते हयात नसतील, तर अर्जात नाते स्पष्ट करावे व नावबदलाचा अर्ज स्वतंत्रपणे द्यावा.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, दिनांक व आवक क्रमांक घेतल्यावाचून कार्यालय सोडू नये. पुढील स्मरणपत्र याच क्रमांकाने सुरू होते. उत्तर न मिळाल्यास कार्यकारी अभियंत्यांकडे जावे. तेथेही निराकरण न झाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे, आणि त्याच्या निर्णयाने समाधान न झाल्यास विद्युत लोकपालांकडे दाद मागता येते.

4.7 सरावासाठी प्रश्न

1. ‘मीटर बाहेर बसवावे’ या वाक्यातील संदिग्धता स्पष्ट करून ते तीन वेगळ्या अर्थांनी नेमकेपणाने पुन्हा लिहा.
2. ‘वारंवार सांगूनही दखल घेतली नाही’ हे वाक्य तपासता येईल अशा स्वरूपात लिहा.
3. मीटर जिन्याखाली, अडगळीच्या मागे आहे व बिल दिवंगत आजोबांच्या नावे आहे, असे समजून स्थलांतराचा अर्ज लिहा.