ब्रेकची पोस्ट: किती सांगायचं, कुठे थांबायचं?

प्रश्न : मी मूळची कुडपणची (ता. पोलादपूर), नोकरीसाठी अकरा वर्षं पुण्यात. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. राजीनामा दिला आहे, ३१ जुलै हा शेवटचा दिवस. लिंक्डइनवर तसं जाहीर करायला एक मसुदा लिहिलाय, पण वाचला की रडगाणं वाटतं. खुलासा काढून टाकला तर काहीतरी लपवल्यासारखं वाटतं. आणि तिथे काहीही टाकलं की तासाभरात त्याचा स्क्रीनशॉट भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोहोचतो, हा वेगळाच ताप. कसं लिहू? मसुदा देते :

«जड अंतःकरणाने कळवते की काही वैयक्तिक अडचणींमुळे मला नोकरीतून ब्रेक घ्यावा लागत आहे. गेल्या वर्षी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, आईला गुडघ्यांमुळे एकटीला झेपत नाही. मलाही गेले काही महिने नीट झोप लागत नाही. खरं तर मार्चच्या अप्रेझलनंतरच मनात होतं. निर्णय अजिबात सोपा नव्हता. या काळात मी शिकत राहणार आहे, कृपया गैरसमज नसावा. चांगली संधी असल्यास जरूर कळवा.»

— एक वाचक

उत्तर : तुमच्या मसुद्यात खोटं काही नाही आणि रडगाणंही नाही. तो वाचताना समोर कोणीतरी उलटतपासणी घेतंय असं मात्र वाटतं. «का सोडली? काढलं तर नाही? परत येणार का?» हे प्रश्न कोणी विचारायच्या आत तुम्ही त्यांची उत्तरं देऊन बसला आहात. गंमत अशी की प्रत्येक उत्तरातून नवा प्रश्न निघतो. अप्रेझलचा उल्लेख आला की वाचणारा विचारतो, काय झालं अप्रेझलला? झोपेचा आला की, आता बऱ्या आहात का? «गैरसमज नसावा» वाचल्यावर तर ज्याच्या मनात काही नव्हतं तोही गैरसमज कोणता असावा ते शोधायला लागतो.

म्हणून मसुद्यातल्या प्रत्येक वाक्याला एकच कसोटी लावा. सहा महिन्यांनी मुलाखतीत समोरच्याने नेमक्या याच वाक्यावर बोट ठेवून «जरा सविस्तर सांगा» म्हटलं, तर तुम्ही खुशीने सांगाल का? सांगणार असाल तर वाक्य ठेवा, नसाल तर काढा. या कसोटीवर अप्रेझल आणि झोप लगेच बाद होतात. वडिलांचं आजारपण मला वेगळ्या कारणाने काढावंसं वाटतं. ती बातमी तुमची नाही, त्यांची आहे. गावात सगळ्यांना ती माहीत असेल, पण पुण्यातल्या हजारभर अनोळखी लोकांना ती सांगायची की नाही हे त्यांनी ठरवायचं. त्यांना विचारा. बहुतेक वडील «कशाला?» म्हणतील.

एवढं गाळल्यावर उरलेलं ठाम वाटावं म्हणून लोक त्यात «नवा प्रवास», «स्वतःचा शोध», «उत्साही आहे» असली वाक्यं भरतात. ती कृपा करून नकोत. निर्णय विचारपूर्वक घेतलाय हे विशेषणांनी कळत नाही, क्रियापदांनी आणि तारखांनी कळतं. «ब्रेक घ्यावा लागत आहे» म्हटलं की तुमच्यावर काहीतरी कोसळलंय आणि तुम्ही खाली सापडला आहात. «१ ऑगस्टपासून ब्रेक घेत आहे» म्हटलं की ठरवणाऱ्या तुम्ही झालात. «जड अंतःकरणाने», «नाइलाजाने», «सोपा नव्हता» हे सगळे त्या «लागत आहे»चेच भाऊबंद. एक गेला की बाकीचे ठेवायचं कारण उरत नाही.

मात्र हे ज्यांनी खरंच स्वतः ठरवलंय त्यांच्यासाठी. कंपनीने कमी केलं असेल तर «मी ठरवलं» असं लिहू नये. «माझं पद रद्द झालं, त्यानंतर काही महिने थांबणार आहे» एवढं पुरतं आणि तेही स्वच्छच वाचलं जातं. तसंच, राजीनामा न देता बिनपगारी रजा घेतली असेल तर «ब्रेक» न म्हणता «रजा» म्हणावं, आणि पोस्टचा मजकूर आधी एचआरला दाखवावा.

आता दुसरी बाजू, म्हणजे फारच कमी सांगण्याची. अभिनेता विक्रांत मेस्सी याचं उदाहरण आठवत असेल. «ट्वेल्थ फेल» गाजल्यानंतर, २ डिसेंबर २०२४ रोजी त्याने इन्स्टाग्रामवर लिहिलं की नवरा, वडील आणि मुलगा म्हणून आता घरी परतायची वेळ झाली आहे आणि २०२५मध्ये आपण शेवटचं भेटू. भाषा हळवी होती, कारण थोडक्यात होतं, पण परत येण्याबद्दल «योग्य वेळ येईपर्यंत» एवढंच मोघम होतं आणि «शेवटचं» हा शब्द होता. लोकांनी त्याचा अर्थ निवृत्ती असा लावला. देशभर बातम्या झाल्या आणि लगेचच त्याला खुलासा करावा लागला की आपण निवृत्त होत नाही, थकलो आहोत, तब्येतही कुरकुरते आहे आणि मोठी सुट्टी हवी आहे. थकवा आणि तब्येत या दोन गोष्टी त्याने पहिल्या पोस्टमध्ये बहुधा जाणूनबुजून टाळल्या असतील. निरोपाच्या सुरामुळे त्या शेवटी सांगाव्याच लागल्या.

तेव्हा कारण एका शब्दात आटोपलं तरी चालतं, पण मुदत मोघम ठेवली तर लोक ती स्वतः भरतात. तुम्हाला नेमकी तारीख माहीत नसेल, हे मी समजू शकतो. वडिलांची तब्येत कॅलेंडर बघून सुधारत नाही. म्हणून परतण्याची तारीख देऊ नका, परतण्याचा विचार कधी सुरू करणार तो महिना द्या. तेवढा शब्द पाळता येतो.

तुमच्या मसुद्यातलं शेवटचं वाक्य या मुदतीच्याच मुळावर येतं. ब्रेकवर जातेय म्हणायचं आणि त्याच दमात संधी कळवा म्हणायचं, तर वाचणारा दुसऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवतो. मग ऑगस्टमध्येच रिक्रूटरचे फोन सुरू होतात, नोटीस पीरियड विचारतात, आणि तुम्ही पुन्हा खुलासे देत बसता.

सगळं धरून मी असं लिहीन. तुम्हाला इंग्रजीत टाकायचं असेल तरी वाक्यांचा क्रम हाच ठेवा. टीमबद्दलचा तपशील मी अंदाजाने घातलाय, तिथे तुमचा खरा घाला :

«अकरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम केल्यानंतर १ ऑगस्टपासून मी नोकरीतून ब्रेक घेत आहे. काही महिने रायगड जिल्ह्यातल्या माझ्या गावी, घरच्यांसोबत राहणार आहे. गेली चार वर्षं पेमेंट अ‍ॅपच्या टेस्टिंगची जबाबदारी माझ्याकडे होती. जी तपासणी हाताने करायला आठवडा जायचा ती आमच्या टीमने एका रात्रीत चालेल अशी बसवली, ते काम कायम लक्षात राहील. पुढच्या मार्चपासून याच क्षेत्रात नव्या कामाचा विचार सुरू करेन. तोवर निरोप वाचेन, उत्तराला थोडा वेळ लागेल.»

पहिल्या वाक्यात मुद्दा संपला, कारण लिंक्डइनच्या फीडमध्ये पहिल्या काही ओळीच दिसतात आणि बाकीचं उघडावं लागतं. «जड अंतःकरणाने»ने सुरुवात केली असती तर अर्ध्या लोकांनी तेवढंच वाचून हळहळ लिहिली असती. «घरच्यांसोबत» हा शब्द कारणही सांगतो आणि दारही लोटून घेतो. टीमचं वाक्य सगळ्यात मोठं आहे ते मुद्दाम. लोकांनी तुमच्याबद्दल पुढे काही आठवायचं असेल तर ते आजारपण नसावं, काम असावं. हे वाक्य कंपनीच्या गोपनीय तपशिलात शिरणार नाही एवढं मात्र बघा. ग्राहकाचं नाव नको.

पोस्ट शेवटचा दिवस झाल्यावर, रिलीव्हिंग लेटर हातात आल्यावर टाका. त्याआधी प्रोफाइल दुरुस्त करा, आणि ते करताना «Notify network» बंद ठेवा, नाहीतर तुमच्या पोस्टआधीच लोक नव्या नोकरीबद्दल अभिनंदन करायला लागतात. लिंक्डइनने मार्च २०२२मध्ये प्रोफाइलवर «Career break» नोंदवायची सोय दिली. तिच्यात तेरा प्रकार आहेत. तुम्हाला लागू पडणारा प्रकार «Caregiving». तो निवडलात तर पोस्टमधल्या «घरच्यांसोबत»पेक्षा एक पाऊल जास्त सांगणं होतं. त्यामुळे मुलाखतीत त्यावर बोलायची तयारी असेल तरच निवडा. तारखा मात्र पोस्ट, प्रोफाइल आणि बायोडेटा तिन्हीकडे सारख्याच हव्यात. पुढच्या कंपनीची पडताळणी करणारी मंडळी रिलीव्हिंग लेटर आणि पीएफच्या नोंदीतली नोकरी सोडल्याची तारीख ताडून पाहतात. «फ्रीलान्स करतेय» अशी खोटी नोंद घालून पोकळी बुजवणारे तिथेच अडकतात. ब्रेकचं एवढं ओझं घ्यायचं कारणही नाही. टाटा समूहाने ब्रेकनंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठी २००८ सालीच खास उपक्रम सुरू केला होता.

खरी गळती होते ती पोस्टखालच्या प्रतिक्रियांमध्ये. पोस्ट मोजून मापून लिहिलेली असते, आणि खाली जुनी मैत्रीण विचारते, «अगं, बाबा बरे आहेत ना आता?» तुम्ही प्रेमाने चार ओळींचं उत्तर देता आणि गाळलेलं सगळं परत येतं. अशा मैत्रिणीला तिथे फक्त «फोन करते» म्हणा आणि खरंच करा. बाकीच्यांना «धन्यवाद, गावाहून आल्यावर भेटू» पुरे.

राहिला भावकीचा ग्रुप. तिथे «ब्रेक» म्हणजे नोकरी गेली असंच धरतील, आणि इंग्रजी पोस्टचा स्क्रीनशॉट आला तर ज्याला जसं समजेल तसं तो सांगेल. त्यापेक्षा तुम्हीच आधी, पोस्टच्या आदल्या संध्याकाळी, चुलत्या-मावश्यांना कळेल असं लिहा : «मंडळी, १ ऑगस्टपासून काही महिने मी कुडपणला असणार आहे. पुण्याची नोकरी मी स्वतः थांबवली आहे, मार्चपासून पुन्हा बघेन. यंदा लावणीला नाही, पण भातकापणीला हाताशी आहे.» दोन्हीकडे तारीख तीच, महिना तोच, ठरवणाऱ्याही तुम्हीच. त्यामुळे स्क्रीनशॉट गेला तरी त्यात नवीन काही सापडत नाही. एखादी आत्या तरीही फोन करून खोदून विचारेलच. तिला काय सांगायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, ती घरातली आहे.

मार्च आला आणि अजून निघता येत नसेल, तर नवी पोस्ट लिहू नका. महिना तुम्हाला आठवत असतो, वाचणाऱ्यांना नाही. निघायची वेळ आली की त्या दिवशी कामाबद्दल लिहा, उशिराबद्दल नको.