लिंक्डइनचं प्रीमियम: घ्यावं का, आणि कधी?

बीदर, भालकी, आळंद, कलबुर्गीकडून टोरंटोला आलेली मुलं नोकरी शोधायला लागली की हा प्रश्न हमखास विचारतात. इथे स्थिरावलेल्या आम्हा घरांचं उत्तर असं: घ्या, पण आल्या आल्या नको, आणि आधी एका महिन्यापुरतंच.

आधी फुकटातलं वापरा

नोकरीच्या सूचना, अर्ज करणं आणि काम शोधत असल्याची खूण, हे सगळं पैसे न भरता मिळतं. आपल्यासाठी सर्वांत मोलाची सोयही मोफतच आहे. समजा, तुम्ही कलबुर्गीच्या पीडीए कॉलेजातून सिव्हिल केलंय. कॉलेजच्या लिंक्डइन पानावर Alumni उघडा, ठिकाण टोरंटो निवडा आणि त्यातून बांधकाम कंपन्यांमधले लोक वेगळे काढा. इथल्या कंपन्यांना पीडीए माहीत नसतं. त्याच वर्गांत बसलेल्या सीनियरला मात्र तुमच्या पदवीची किंमत सांगावी लागत नाही. त्यांना ओळखीची विनंती पाठवा. मोफत खात्यावरून विनंतीसोबत चिठ्ठी महिन्याला मोजक्याच जणांना जोडता येते, म्हणून ती नीट माणसं निवडून लिहा.

पैसे कशासाठी मोजायचे?

मुख्यतः इनमेलसाठी, म्हणजे ओळख नसलेल्या माणसाला थेट संदेश पाठवण्यासाठी. प्रीमियम करिअरमध्ये महिन्याला 5 इनमेल मिळतात. समोरच्याने 90 दिवसांत उत्तर दिलं, तर ते इनमेल तुम्हाला परत मिळतं. म्हणून संदेश चार ओळींचा ठेवा: कोणती जागा, तुमचं त्याच्याशी जुळणारं एक काम, आणि एकच नेमका प्रश्न. ‘काही असेल तर सांगा’ असं लिहिलं, की उत्तर क्वचितच येतं.

दुसरी उपयोगी गोष्ट म्हणजे प्रोफाइल पाहणाऱ्यांची सविस्तर यादी. भरतीची माणसं पाहून जातात पण संदेश येत नाही, तर प्रोफाइलचा मजकूर सुधारा. कुणीच फिरकत नसेल, तर हुद्दा आणि कौशल्यांचे शब्द इथल्या जाहिरातींतल्या शब्दांशी जुळवून पाहा.

इतर अर्जदारांशी तुलना दाखवणाऱ्या आकड्यांवर विसंबू नका. शिकवण्यांसाठीही पैसे भरू नका, लिंक्डइन लर्निंग टोरंटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्डावर मिळतं.

महिना कसा आखायचा?

रेझ्युमे इथल्या पद्धतीचा झाला, जागा ठरल्या आणि संदेश कुणाला पाठवायचा त्या पाच जणांची नावं काढली, की मगच एक महिन्याची मोफत चाचणी सुरू करा. तिच्यासाठी कार्ड द्यावं लागतं आणि मुदत संपताच पैसे कापले जातात, म्हणून किमान एक दिवस आधी रद्द करा. आयफोनच्या अ‍ॅपमधून घेतलं असेल, तर अ‍ॅपलच्या सेटिंगमधूनच रद्द होतं. रद्द केल्यावर उरलेली इनमेल जातात, म्हणून ती आधी वापरा.

महिनाअखेर पाचांपैकी कुणाशी बोलणं सुरू झालं असेल, तर आणखी एक महिना पैसे भरायला हरकत नाही. एकही उत्तर नसेल, तर आधी संदेश आणि रेझ्युमे एखाद्या सीनियरला दाखवा.