मेडलच्या दिवशी काय बोलायचं

लोणावळा

चि. बाळू,

तू पाठवलेली भाषणाची दोन्ही पानं वाचली. अक्षर पुन्हा पूर्वीसारखं वळणदार झालंय, ते बघून बरं वाटलं. पण गुरुवारी ए.ए.च्या मिटिंगमध्ये वर्षाचं मेडल घेताना ही पानं वाचू नकोस. ‘दारू हा समाजाला लागलेला कलंक आहे’ इथून सुरू होणारं भाषण दोन ऑक्टोबरला शाळेत शोभतं. आपल्या खोलीत बसलेल्या माणसांना दारू वाईट आहे हे सांगावं लागत नाही. त्यातला एखादा तर त्याच दिवशी सकाळी पिऊन आलेला असतो. तुझा स्पॉन्सर तुला हेच सांगेल, पण भाचा माझा आहे, म्हणून मी आधी बोलतो.

मिटिंगमध्ये माणूस का बोलतो, हे एकदा नीट समजून घे. ए.ए.ची सुरुवात होते ती बिल नावाच्या न्यूयॉर्कच्या एका शेअरबाजारवाल्यापासून. 1934 च्या डिसेंबरात त्याची दारू सुटली आणि पुढे काही महिने तो दिसेल त्या दारुड्याला पकडून उपदेश करत सुटला. एकाचीही सुटली नाही. शेवटी त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर सिल्कवर्थ त्याला म्हणाले की प्रवचन थांबव, आधी हा आजार काय आहे तेवढं सांग. मे 1935 मध्ये तो धंद्याच्या कामासाठी ओहायोतल्या ॲक्रन गावी गेला. काम फसलं, खिसा रिकामा, आणि हॉटेलच्या लॉबीत बारमधला आवाज ऐकू येत होता. त्याने आत जायच्या ऐवजी फोन फिरवायला सुरुवात केली, कारण आत्ता दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोललो नाही तर मीच पिईन हे त्याला कळलं होतं. त्यातून भेट झाली बॉब नावाच्या सर्जनची. बॉब पंधरा मिनिटांच्या बोलीवर आला होता आणि रात्री अकरानंतर उठला. बिलने त्याला एकही सल्ला दिला नाही. नुसतं स्वतःचं सांगितलं.

म्हणजे गुरुवारी तू बोलणार आहेस ते मुळात तुझ्यासाठी. ऐकणाऱ्याला त्यातून काही मिळालं तर ते सल्ल्यातून नाही, तुझ्या तपशिलातून मिळेल. आणि नेमका तोच तुझ्या पानांत कुठे नाही. ‘मी पूर्णपणे व्यसनाच्या आहारी गेलो होतो’ असं लिहिलंयस. असं तर कोणीही लिहील.

त्याऐवजी फ्रीजचं सांग. तुंगार्लीच्या बंगल्यावरचे पाहुणे रविवारी दुपारी एक्स्प्रेसवेला लागले, की तू आधी फाटकाला आतून कडी घालायचास आणि मग फ्रीज उघडायचास. पाव बाटली व्हिस्की, अर्धी व्होडका, गॅस गेलेली बिअर, कोणीतरी टाकलेली वाइन, हे सगळं तू एकाच पाण्याच्या बाटलीत ओतायचास आणि पंपाच्या खोलीत ठेवायचास. ते तुझं सोमवार-मंगळवारचं राशन. एकदा पाहुण्यांनी काहीच मागे ठेवलं नाही, तर तू रागाने बंगला न झाडता घरी आलास. हे तू मला सांगितलंस तेव्हा हसलास आणि मग बराच वेळ गप्प बसलास. तेवढं सांग. मावळातल्या निम्म्या पोरांचं पोट आज बंगले, फार्महाऊस आणि पवनेच्या काठचे तंबू यांवर आहे. मागच्या रांगेत बसलेल्या नव्या पोराला ती पाण्याची बाटली बरोबर ओळखू येईल.

पण यातही फार रमू नकोस. आपल्याकडे बोलण्याची एक साधी वाट आहे: आधी कसं होतं, मग काय झालं, आता कसं आहे. बरेच जण पहिल्या भागातच सगळा वेळ घालवतात, कारण त्यात रंग असतो, लोक हसतात. ऐकता ऐकता एखाद्या नव्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं, हे विसरू नकोस. दहा मिनिटं मिळतील. फ्रीजला दोन मिनिटं पुरेत.

आता मधल्या भागाचं. तू लिहिलंयस, ‘श्रावण लागला त्या दिवशी सोडली, पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. ते वाक्य खोटं नाही, पण त्यातून माणूस मरू शकतो. गटारीला तू शेवटची प्यायलास. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरूनही सांडत होता, अंगाला घाम सुटला होता, पोटात काही ठरत नव्हतं. घरचे म्हणाले, चांगलं आहे, श्रावण पाळतोय. रात्री तुला भिंतीवर मुंग्यांची रांग दिसत होती आणि तू ती हाताने पुसत होतास. त्याच्या पुढच्या संध्याकाळी ओट्यावर झटका आला, दातखीळ बसली. कोणी म्हणालं बाहेरचं आहे, देवऋषाकडे न्या. तुझ्या बायकोने ऐकलं नाही, गाडी बोलावली आणि थेट दवाखान्यात नेलं, म्हणून तू गुरुवारी मेडल घेणार आहेस.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारू धरूनच आपला तोल सांभाळायला शिकलेला असतो. दारू एकदम तोडली की तो भडकतो. थरथर काही तासांत सुरू होते. झटका आला तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतो. भ्रम, ताप, छातीतली धडधड, वेळकाळाचं भान सुटणं हा सगळ्यात धोक्याचा प्रकार साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान उद्भवतो. म्हणून तुला दवाखान्यात झोपेच्या जातीच्या गोळ्या देऊन रोज थोड्या थोड्या कमी केल्या आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. त्यानंतर मुक्तांगणचे पस्तीस दिवस. त्या बॉब सर्जनचंच बघ ना. बिलला भेटल्यावरही तो एकदा घसरला होता. 10 जून 1935 ला सकाळी त्याला ऑपरेशन करायचं होतं आणि हात थरथरत होते, तेव्हा खुद्द बिलने त्याला एक बिअर पाजली. ती त्याची शेवटची. ए.ए. आपला वाढदिवस त्याच दिवसापासून मोजते. आज कोणी बिअरचा इलाज सांगू नये, त्यासाठी डॉक्टर आहेत. पण अचानक तोडणं म्हणजे मर्दुमकी नव्हे, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. तेव्हा गुरुवारी सांग, ‘मी घरीच एकदम बंद केली आणि दुसऱ्या दिवशी झटका आला. तुम्ही तसं करू नका, आधी डॉक्टरला दाखवा.’ तुझ्या अख्ख्या भाषणात सल्ला असा हा एवढाच असू दे.

श्रावणाचंही बोल. तू यापूर्वीही श्रावण पाळलेस, गणपती उठेपर्यंत थेंबाला शिवला नाहीस, आणि त्याच जोरावर दर वर्षी म्हणालास की मला पाहिजे तेव्हा सोडता येते. आपल्या गावात ही समजूत घरोघर आहे. महिनाभराचा उपास सुटायची तारीख आधीच ठरलेली असते, म्हणून तो सोसवतो. एकविरेच्या पायरीवर घेतलेल्या शपथेचंही मला तसंच वाटतं. माळ घालून सुटलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांना माझा नमस्कार. पण शपथ आयुष्यभराची असते. ती एकदा मोडली की माणूस लाजेने देवळाकडेही फिरकत नाही आणि मिटिंगलाही येत नाही. आपण आजच्या दिवसापुरतं बोलतो ते यासाठी. म्हणून शेवटचं ते ‘मी आयुष्यात पुन्हा पिणार नाही’ खोडून टाक.

‘मी आता पूर्ण बरा झालो’ हेही खोड. लिव्हरचा रिपोर्ट सुधारला, ते खरं. शरीर बरंच भरून येतं. पण पहिला घोट घेतल्यावर थांबता न येणं, हा जो आजाराचा गाभा, तो वर्षाने जात नाही. वर्षाचा अर्थ वेगळा आहे. वर्षात गटारी एकदा येते, दसरा एकदा, थर्टीफर्स्ट एकदा, चैत्रातली जत्रा एकदा, आणि हळदी तर विचारू नकोस. हे सगळं तू पहिल्यांदाच न पिता पार केलंस. कसं केलंस ते सांग. धाकट्या चुलतभावाच्या हळदीला तू नवरदेवाला हळद लावून, जेवण वाढायच्या आत निघालास आणि कामशेतहून लोकल पकडून माझ्याकडे आलास. लोक म्हणाले, भाव खातोय. म्हणू दे. आता रविवारी फ्रीज माळीबुवा रिकामा करतात आणि तू ते आवरून होईपर्यंत बागेत थांबतोस, हेही सांग. नव्या माणसाला नेमकं असंच काही हवं असतं, उद्या सकाळी करता येईल असं.

बायकोबद्दलचा परिच्छेद मात्र सगळा काढ. तू तिची माफी मागायला बसलास आणि चौथ्या ओळीत ‘तीही खूप बोलायची’ हे आलंच. मिटिंग खुली आहे, ती समोर बसलेली असेल. सासऱ्यांनी जमीन विकली, पैसा आला आणि संगत लागली, हेही नको. एक्स्प्रेसवे झाल्यापासून मावळात पुष्कळांनी जमिनी विकल्या, त्यातले सगळे काही पंपाच्या खोलीत बाटली लपवत नव्हते. तिने गाडी बोलावली, एवढं एक वाक्य बोल आणि तिच्याकडे बघ. मुक्तांगणमध्ये ‘सहचरी’च्या गटात ती जात होती. तिथे ती काय बोलली ते तू तिला कधी विचारू नकोस, आणि इथे तर सांगूच नकोस. तसंच दुसऱ्या कोणाचं नाव घ्यायचं नाही, आणि मेडलचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही. फोटोत मागे बसलेल्याच्या घरी अजून कोणाला माहीत नसेल.

बोलून झाल्यावर लोक टाळ्या वाजवतील, केक कापतील, पाठ थोपटतील. मला काळजी आहे ती त्यानंतरची. वर्षाचं मेडल खिशात आलं की डोकं हिशेब मांडायला लागतं, की एवढं जमलं, तर आता एखाद्या वेळी चालेल. शिवाय पावसाचे दिवस, शनिवार-रविवारी भुशीच्या रस्त्याला मुंगीला जागा नसते आणि तुझा बंगला भरलेला. माळीबुवा या आठवड्यात गावी जाणार आहेत असं ऐकलं. तसं असेल तर मालकांना आजच सांगून दुसऱ्या कोणाची सोय कर. नाहीच झाली तर रविवारी दुपारी मीच येतो, मला दुसरं काम नाही. पाहुणे निघाले की फोन कर, आणि मी पोचेपर्यंत बंगल्यात जाऊ नकोस.

घरी सर्वांना आशीर्वाद.

तुझा
मामा