'Limit' म्हणजे कसली मर्यादा?

प्रश्न: मुलाने फोनवर गुंतवणुकीचं अ‍ॅप टाकून दिलं आणि तो बंगळुरूला परतला. अ‍ॅप इंग्रजीत आहे. मला सोन्याच्या ईटीएफची 40 युनिट्स घ्यायची होती. Limit म्हणजे मर्यादा, म्हणून त्या चौकटीत माझी मर्यादा 10000 अशी भरली, तर ऑर्डर नाकारली गेली. मग Market निवडलं. पडद्यावर भाव 250 दिसत होता, पण खरेदी सरासरी 252.15 ने झाली. माझी फसवणूक झाली का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर: तुम्ही लिहिलं आहे त्यावरून फसवणूक दिसत नाही. Limit चा शब्दकोशातला अर्थ तुम्ही बरोबर लावलात, पण ही मर्यादा एकूण खर्चाची नसते. एका युनिटला जास्तीत जास्त किती भाव द्यायला तयार आहात, तो आकडा तिथे भरायचा. तुमची ऑर्डर 'एक युनिट दहा हजारांपर्यंत चालेल' अशी गेली. दिवसाला ठरलेल्या भावाच्या पट्ट्याबाहेरची ऑर्डर स्वीकारली जात नाही, म्हणून ती नाकारली गेली असणार.

आता ते 250. तो शेवटच्या सौद्याचा भाव होता. मागच्या गिऱ्हाइकाला आंब्याची पेटी ज्या भावाने गेली, त्याच भावाने पुढची मिळेलच असं नसतं, तसंच हे. विकणारे त्या क्षणी काय मागत होते, हे अ‍ॅपमधल्या Market Depth मध्ये दिसतं. समजा तिथे 10 युनिट्स 250.20 ला, 12 युनिट्स 251 ला आणि 18 युनिट्स 254 ला विक्रीला होती. Market म्हणजे 'मिळेल त्या भावाने आत्ता द्या'. तुमची 40 युनिट्स भरायला तिन्ही पायऱ्या चढाव्या लागल्या. एकूण 10,086 रुपये झाले, म्हणजे सरासरी 252.15. ज्या ईटीएफमध्ये दिवसभरात थोडेच सौदे होतात, तिथे हा फरक बराच मोठाही होऊ शकतो.

तुम्ही Limit निवडून 251 भरलं असतं, तर पहिली 22 युनिट्स मिळाली असती आणि उरलेली 18 थांबून राहिली असती. कुणी 251 ला विकायला आलं नाही, तर बाजार बंद झाल्यावर ती ऑर्डर आपोआप रद्द झाली असती. ईटीएफ घेताना मी Limit च वापरायला सांगेन. काही युनिट्स न मिळणं चालतं, भाव हातातून सुटणं चालत नाही.

ऑर्डरच्या त्याच पानावर Delivery, Intraday आणि बऱ्याच अ‍ॅप्समध्ये MTF असे पर्याय असतात. इथली चूक जास्त महागात पडते. युनिट्स सांभाळून ठेवायची असतील तर Delivery. Intraday घेतलं तर त्याच दिवशी विकावं लागतं. तुम्ही विकलं नाही, तर ब्रोकर बाजार बंद होण्याआधी विकून टाकतो, मग तोटा असो वा नफा. MTF म्हणजे ब्रोकरकडून उसने पैसे घेऊन केलेली खरेदी, आणि त्यावर रोज व्याज चढतं. इंग्रजी कळलं नाही तरी एका आकड्यावरून हे ओळखता येतं. 40 गुणिले 251 म्हणजे 10,040. बटणाजवळ लागणारी रक्कम त्याहून बरीच कमी दिसली, तर खूश होऊ नका. तुम्ही Delivery वर नाही, मागे जा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी इशाऱ्यांबद्दलही सांगतो. अ‍ॅप उघडताच एक चौकट येते: फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये दहापैकी नऊ व्यक्तींना निव्वळ तोटा झाला. सेबीच्या आदेशानुसार जुलै 2023 पासून ती दाखवावी लागते. तुमच्या सोन्याच्या ईटीएफबद्दल ती नाही, पण F&O या विभागात चुकून शिरलात तर ती थेट तुमच्यासाठीच आहे. ऑर्डरच्या पानावर एखाद्या विशिष्ट नावाखाली येणारा इशारा वेगळा. तो त्याच शेअरबद्दल किंवा ईटीएफबद्दल असतो, म्हणून त्याचा फोटो मुलाला पाठवून अर्थ कळेपर्यंत थांबा.

Buy, ईटीएफचं नाव, 40, Limit 251, Delivery आणि एकूण रक्कम, एवढं आधी कागदावर लिहून ठेवा आणि शेवटचं बटण सरकवण्याआधी त्याच्याशी ताडून पाहा. बटण सरकवल्यावर येणारा Order placed हा संदेश म्हणजे खरेदी नव्हे, ऑर्डर फक्त पोहोचली. Orders मध्ये Open दिसत असेल तोवर ती बदलता किंवा रद्द करता येते. Executed किंवा Complete दिसलं की सौदा पक्का, मग परत फिरता येत नाही. युनिट्स कामकाजाच्या पुढच्या दिवशी डीमॅट खात्यात येतात. Open ऑर्डर म्हणजे 'झालीच नाही' असं समजून दुसरी टाकू नका. दोन्ही भरल्या गेल्या, तर 40 ऐवजी 80 युनिट्सचे पैसे जातील.